१००० टॉसमध्ये ६०० छापे: एमजीएफमधून टेल बाउंड हाताने कसा काढायचा

एक साधं नाणं १००० वेळा उडवलं आणि ६०० किंवा त्याहून जास्त छापे आले. हे निव्वळ नशिबाने होऊ शकतं का? "छे, शक्यच नाही" असं सगळेच म्हणतात, पण बरं, किती शक्य नाही, हजारात एक की कोटीत एक, असं विचारलं की गाडी अडते. मी पहिल्यांदा हे शिकलो तेव्हा टेल बाउंडचा, म्हणजे सरासरीपासून लांबच्या निकालांची प्रोबॅबिलिटी जास्तीत जास्त किती असू शकते याचा, फॉर्म्युला पाठ केला होता, आणि व्हायव्हात सरांनी विचारलं की यातला t कुठून आला, तर मी आत्मविश्वासाने म्हणालो "t काहीही घ्या, चालतं". सर म्हणाले मग ०.५ घे आणि कर. केलं, आणि प्रोबॅबिलिटीचा बाउंड ५०-५५ कोटींच्या घरात आला, म्हणजे १ पेक्षा जास्त, म्हणजे कचरा. तेव्हापासून मी हे दरवेळी पहिल्यापासून मांडतो, पाच-सात ओळींचंच काम आहे. पूर्ण लेखात हेच एक उदाहरण धरून चालू: n = १०००, छापे निदान ६००, सरासरी ५००, म्हणजे सरासरीच्या वर d = १००.

आधी जुनी हत्यारं काय देतात ते बघू, कारण नवीन कशाला हवं ते तिथेच कळतं. मार्कोव्हची असमानता फक्त सरासरी वापरते: शून्य किंवा त्याहून मोठी असणारी कुठलीही राशी a च्या वर जायची प्रोबॅबिलिटी सरासरी भागिले a पेक्षा जास्त नसते. इथे ५००/६००, म्हणजे ०.८३. बरोबर आहे पण काही उपयोग नाही. चेबिशेव्ह व्हेरियन्स वापरतो. छाप्यांचा व्हेरियन्स n/४ = २५०, म्हणून सरासरीपासून १०० किंवा जास्त लांब (दोन्ही बाजूंना) जायची प्रोबॅबिलिटी जास्तीत जास्त २५०/१०००० = ०.०२५. म्हणजे चाळीसात एक. हे ऐकून कोणी नाण्यावर संशय घेणार नाही, आणि खरं उत्तर तर अब्जातही एक नाहीये. तर चेबिशेव्ह इतका ढिला का? कारण तो d च्या वर्गाने भागतो, एवढंच. लांब गेलं की प्रोबॅबिलिटी १/d² ने कमी होते असं तो म्हणतो, पण प्रत्यक्षात टेल त्यापेक्षा कितीतरी जोरात खाली पडते.

आता गंमत अशी की चेबिशेव्ह म्हणजे मार्कोव्हच आहे, फक्त सरासरीपासूनच्या फरकाचा वर्ग करून लावलेला. मग वर्गाऐवजी चौथा घात घेतला तर? थोडं बरं उत्तर येतं. सहावा घेतला तर अजून बरं. पण प्रत्येक वेळी बेरजेचा मोठा घात उलगडायचा, क्रॉस टर्म्स मोजायच्या, डोकं उठतं. त्यापेक्षा e चा घात घ्या, त्यात सगळे घात एकदम येतात, आणि बेरजेचा e-घात म्हणजे गुणाकार, त्यामुळे उलगडायचं कामच राहत नाही. एमजीएफ, म्हणजे मोमेंट जनरेटिंग फंक्शन, इथे येतं ते या गुणाकारासाठी.

पहिली स्टेप, मोजणी सोयीची करून घ्या. छाप्याला १ आणि काट्याला ० देण्याऐवजी छाप्याला +१ आणि काट्याला −१ द्या. एका टॉसची किंमत Y, सगळ्यांची बेरीज D. छापे H असतील तर D = 2H − n, म्हणून "छापे ६०० किंवा जास्त" म्हणजेच "D २०० किंवा जास्त". इथे बरेच जण d आणि 2d मध्ये घोळ घालतात आणि शेवटच्या उत्तरात चार पटीची चूक घातांकात जाते, म्हणून ही ओळ वहीत लिहूनच ठेवा. ०-१ ठेवूनही सगळं करता येतं, पण सरासरी शून्यावर आणली की पुढचं फंक्शन सिमेट्रिक होतं आणि हिशोब सुटसुटीत होतो.

दुसरी स्टेप, एका टॉसचा एमजीएफ. अर्ध्या वेळा Y = १, अर्ध्या वेळा −१, म्हणून e^(tY) ची सरासरी:

```
E[e^(tY)] = (e^t + e^(-t)) / 2 = cosh t
```

तिसरी, बेरजेचा एमजीएफ. e^(tD) हा सगळ्या e^(tY) चा गुणाकार, आणि टॉस एकमेकांपासून स्वतंत्र असल्यामुळे गुणाकाराची सरासरी म्हणजे सरासऱ्यांचा गुणाकार. म्हणून (cosh t)^n. अख्ख्या डेरिव्हेशनमध्ये स्वतंत्रपणा फक्त याच ओळीत वापरलाय, दुसरीकडे कुठेच नाही, हे लक्षात ठेवा, शेवटी यावर परत येणार आहे.

चौथी, मार्कोव्ह लावा, पण D ला नाही, e^(tD) ला. t धन असेल तर D ≥ 2d आणि e^(tD) ≥ e^(2dt) या दोन्ही एकच घटना, आणि e चा घात कधी ऋण नसतो त्यामुळे मार्कोव्ह बिनधास्त लागतो:

```
P(H >= n/2 + d) <= e^(-2dt) * (cosh t)^n      (t > 0)
```

हे प्रत्येक धन t साठी खरं आहे. म्हणजे एक बाउंड नाही, बाउंडांची आख्खी रांग आहे, आणि त्यातला सगळ्यात लहान आपण निवडायचा. (माझं "काहीही घ्या" तसं चुकीचं नव्हतं, खरं असणं आणि कामाचं असणं यात फरक असतो एवढंच.)

इथे जरा थांबून आकडे घालून बघा, सूत्रात उडी मारू नका. आपल्या उदाहरणात उजव्या बाजूचा घातांक म्हणजे १००० गुणिले ln cosh t, वजा २००t. t = ०.१ घेतला तर पहिला भाग ४.९९, दुसरा २०, घातांक साधारण −१५, बाउंड कोटीत तीन. t = ०.२ ला १९.८७ वजा ४०, म्हणजे −२०.१३, बाउंड अब्जात दोनपेक्षाही थोडा कमी. t = ०.४ ला ७७.९५ वजा ८०, फक्त −२.०५, बाउंड ०.१३ वर परत आला. आणि t = ०.५ ला १२०.१ वजा १००, अधिक २०, तोच माझा व्हायव्हातला पराक्रम. म्हणजे t हा रेडिओच्या नॉबसारखा आहे, कमी फिरवला तर मोठ्या D ला पुरेसं वजन मिळत नाही, जास्त फिरवला तर १००० पैकी ७००-८०० छाप्यांसारख्या जवळजवळ न होणाऱ्या गोष्टींचं वजन इतकं फुगतं की सरासरीच हाताबाहेर जाते. मधे कुठेतरी स्टेशन लागतं.

स्टेशन नेमकं ०.२ जवळच का? यावर मला आवडणारं एक उत्तर आहे. प्रत्येक निकालाला e^(tY) इतकं वजन दिलं तर नाण्याचा छाप्याचा वाटा e^t / (e^t + e^(-t)) होतो. t = ०.२ टाकून बघा, ०.५९९ येतो. म्हणजे योग्य t तोच, ज्याने वजन दिल्यावर नाणं "६०% छापे देणारं" होतं, आणि मग ६०० छापे ही दुर्मिळ नाही तर अगदी सरासरी घटना बनते. नेमका ०.६ यायला t = ०.२०२७ लागतो (निम्मा ln 1.5). हे एकदा डोक्यात बसलं की दुसऱ्या कुठल्या प्रॉब्लेममध्येही t चा अंदाज आधीच बांधता येतो.

पाचवी स्टेप, cosh ला सोप्या गोष्टीने झाकणे. दरवेळी लॉग ऑफ cosh कोण काढत बसणार, म्हणून हे वापरतात:

```
cosh t <= e^(t^2/2)
```

पटत नसेल तर दोन्हीच्या सिरीज लिहा. डावीकडे t^(2k) खाली (2k)!, उजवीकडे t^(2k) खाली 2^k गुणिले k!. आता (2k)! म्हणजे k! गुणिले पुढचे k आकडे, k+1 पासून 2k पर्यंत, आणि k किमान १ असेल तर यातला प्रत्येक आकडा किमान २, म्हणून (2k)! हा 2^k * k! पेक्षा लहान असूच शकत नाही. छेद मोठा तर टर्म लहान, झालं. पहिल्या दोन टर्म्स तर दोन्हीकडे सारख्याच आहेत, फरक t^4 पासून सुरू होतो, तिथे १/२४ विरुद्ध १/८. म्हणून t लहान असताना या झाकणाने जवळजवळ काहीच जात नाही.

सहावी, आता घातांक n*t^2/2 − 2dt झाला, म्हणजे साधा वर्गसमीकरणाचा पॅराबोला, दहावीच्या गणितात बसतो. किमान t = 2d/n ला (आपल्याकडे बरोबर ०.२), आणि तिथे किंमत:

```
P(H >= n/2 + d) <= e^(-2 d^2 / n)
```

d = १००, n = १०००: घातांक −२ × १०००० / १००० = −२०. कॅल्क्युलेटर नसेल तर २० ला २.३०३ ने भागा, ८.६८ येतं, म्हणजे दहाचा उणे ८.६८ वा घात, साधारण अब्जात दोन. कुठे चेबिशेव्हचे चाळीसात एक आणि कुठे हे.

याला लोक चर्नॉफ बाउंड म्हणतात, हर्मन चर्नॉफचा १९५२ चा पेपर आहे, पण खुद्द चर्नॉफनेच नंतर सांगितलंय की ती कल्पना त्याचा सहकारी हर्मन रुबिन याची होती, आणि सोव्हिएत युनियनमध्ये बर्नस्टाइनने हीच e-घाताची युक्ती १९२० च्या दशकातच वापरली होती. वरचं −2d²/n वालं रूप आता जास्त करून होएफडिंगच्या नावाने ओळखलं जातं, त्याने १९६३ मध्ये ते नाण्यापुरतं न ठेवता ठरावीक मर्यादेत राहणाऱ्या कुठल्याही स्वतंत्र राशींसाठी सिद्ध केलं. नावांच्या वाटपात न्याय शोधू नये.

आता पडताळा. इथे एक चूक मी दर वर्षी कोणीतरी करताना बघतो, लोक सिम्युलेशन चालवतात. दहा लाख वेळा १०००-१००० टॉस, ६०० पार किती वेळा? शून्य. मग म्हणतात "बाउंड बरोबर दिसतोय". अरे, अब्जात एकाहून कमी असलेली गोष्ट दहा लाखांत दिसणारच नाही, यातून काहीच सिद्ध झालं नाही. नेमकं उत्तर सरळ मोजता येतं, पायथनमध्ये चार ओळी:

```python
from math import comb, exp
n, a = 1000, 600
print(sum(comb(n, k) for k in range(a, n+1)) / 2**n)
print(exp(-2*(a - n/2)**2 / n))
```

पहिली ओळ 1.36e-10 च्या आसपास देते, दुसरी 2.06e-9. बेरीज पूर्ण इंटिजरमध्ये करून शेवटी एकदाच भागायचं, हे महत्त्वाचं. comb(n, k) * 0.5**n असं लिहिलं तर १००० पर्यंत चालून जातं, पण n २००० केला की 0.5**2000 चुपचाप शून्य होतं आणि मधले comb फ्लोटमध्ये मावत नाहीत म्हणून प्रोग्रॅम एररने पडतो.

म्हणजे बाउंड खऱ्या उत्तराच्या सुमारे १५ पट. ही १५ पट कुठे गेली ते शोधायला मजा येते. cosh झाकल्यामुळे फारच थोडी, नेमका t आणि खरा cosh ठेवला तर 1.80e-9 येतं, म्हणजे अजून १३ पट शिल्लक. ती सगळी मार्कोव्हने खाल्ली, कारण मार्कोव्ह ६०० च्या वरच्या प्रत्येक निकालाला ६०० इतकंच वजन आहे असं धरतो आणि ६०० च्या खालच्यांचं जे वजन सरासरीत येतं ते कापतच नाही. ही उधळपट्टी भरून काढणारा गुणक बहादूर आणि रंगा राव यांनी १९६० मध्ये दिला. आपल्या उदाहरणात तो ०.०७७ येतो, आणि 1.80e-9 ला त्याने गुणलं की 1.39e-10, खऱ्या उत्तराच्या दोन-तीन टक्क्यांत. पण हा गुणक n च्या वर्गमूळाने कमी होतो, एक्सपोनेन्शियल नाही, म्हणून मुख्य जोर घातांकातच आहे आणि तो आपल्याला फुकटात बरोबर मिळाला.

बाउंड कुठे लंगडा पडतो तेही सांगतो, नाहीतर जिथे तिथे लावाल. एक, सरासरीच्या जवळ. १००० टॉसमध्ये ५१६ किंवा जास्त छापे, म्हणजे साधारण एक स्टँडर्ड डेव्हिएशन वर: बाउंड ०.६०, खरं उत्तर ०.१६ च्या आसपास. तिथे नॉर्मल अंदाज वापरा. n लहान असताना तर चेबिशेव्हसुद्धा जिंकू शकतो: १०० टॉस, ५० पासून १० किंवा जास्त लांब, दोन्ही बाजू. चेबिशेव्ह ०.२५, आपला बाउंड दोनदा e^(-2), म्हणजे ०.२७. दुसरं टोक, फारच लांब. सगळेच्या सगळे छापे आले तर खरं उत्तर 2^(-n), म्हणजे e^(-0.693n), आणि बाउंड e^(-0.5n). इथे t मोठा होतो त्यामुळे cosh चं झाकण महागात पडतं, अशा वेळी पाचवी स्टेप गाळून खरा cosh ठेवायचा, मग 2^(-n) बरोबर मिळतं.

दोन्ही बाजू मोजत असाल तर २ ने गुणायला विसरू नका. आणि प्रमाणात काम करत असाल तर d = n*eps टाका, मग घातांक −2n*eps^2 होतो. eps = ०.१ हाच d समजून टाकला तर घातांक जवळजवळ शून्य आणि बाउंड १ येतो, असं दिसलं की समजायचं की युनिटमध्ये गोंधळ झाला.

खऱ्या आकड्यांवर लावून बघू. दुसऱ्या महायुद्धात डेन्मार्कमध्ये नजरकैदेत अडकलेल्या जॉन केरिचने वेळ घालवायला नाणं १०००० वेळा उडवलं, छापे आले ५०६७. d = ६७, घातांक −२ × ४४८९ / १०००० = −०.९०, दोन्ही बाजू धरून बाउंड ०.८१. म्हणजे या बाउंडातून तरी नाण्यावर बोट ठेवायला काही कारण मिळत नाही. आता उलट बाजू, अलीकडे एका मोठ्या संशोधक गटाने ३,५०,७५७ टॉस केले आणि नाणं ज्या बाजूने सुरू केलं त्याच बाजूवर पडलं असं ५०.८% वेळा दिसलं. फरक ऐकायला किरकोळ, टक्कासुद्धा नाही, पण n साडेतीन लाख, त्यामुळे −2n*eps^2 उणे ३९ च्याही खाली जातं. मोठ्या n समोर छोटा eps टिकत नाही. उलटं वापरायचं असेल, म्हणजे ९९% खात्रीने छाप्याचं प्रमाण ५% च्या आत पकडायला किती टॉस, तर 2*e^(-2n*eps^2) = 0.01 सोडवा, n = ५.२९८ / ०.००५, म्हणजे १०६०. हा आकडा वाकड्या नाण्यालाही चालतो, कारण होएफडिंगने दाखवलेला घातांक छाप्याची प्रोबॅबिलिटी काहीही असली तरी तोच राहतो.

आता त्या तिसऱ्या स्टेपकडे परत. मागे एकदा माझ्याकडे १००० निकालांचा लॉग आला होता, हो-नाही असा, नाण्यासारखाच, आणि त्यात ६०० "हो". मी लगेच e^(-20) काढून "सिस्टिममध्ये नक्की बायस आहे" असा मेल ठोकून दिला. नंतर शेजारी बसणारी म्हणाली, "अरे, या लॉगमध्ये सलग दहा-दहा ओळी सारख्या का दिसतायत?" रिट्रायमुळे प्रत्येक निकाल दहा वेळा लिहिला गेला होता. म्हणजे खरे निकाल १०० आणि त्यात ६० हो, ज्याची नेमकी प्रोबॅबिलिटी ०.०२८ आहे. अब्जात दोन आणि शंभरात तीन, हा फरक फक्त स्वतंत्रपणा गृहीत धरल्याचा. बाउंडला हे कळत नाही, तो n = १००० ऐकतो आणि तसंच उत्तर देतो.

हे आधी पकडायची सोपी पद्धत अशी: डेटा सलग शंभर-शंभरच्या तुकड्यांत कापा, प्रत्येक तुकड्यातले छापे मोजा आणि त्या मोजण्यांचा व्हेरियन्स काढा. स्वतंत्र साध्या नाण्याला तो २५ च्या आसपास यायला हवा. वाकडं नाणं असेल तर २५ पेक्षा कमीच येईल, जास्त नाही. माझ्या लॉगमध्ये दहाच तुकडे होते त्यामुळे आकडा थोडा हलणार हे धरूनही तो २०० च्या वर आला, आणि हिशोबाने दहा-दहा कॉप्यांना तो २५० यायलाच हवा: शंभराच्या तुकड्यात खरे निकाल १०, प्रत्येकाचा ०.२५, आणि दहापटीचा वर्ग १००. मी दुसरा मेल केला, n च्या जागी १००, d च्या जागी १०, बाउंड e^(-2), म्हणजे ०.१३५.